पहिला झोन लाइनच्या टोकाआधीच का थांबतो?

तोंडी परीक्षेत मी एक प्रश्न हमखास विचारतो: डिस्टन्स रिलेचा पहिला झोन लाइनच्या ८० टक्क्यांवरच का थांबवतात? उत्तरही हमखास एकच येते, "सर, सेफ्टी मार्जिन." ते चूक नाही. पण मार्जिनच ठेवायचे तर ते पलीकडच्या बाजूला ठेवून १२० टक्के का करत नाहीत, असे विचारले की वर्ग गप्प होतो. याचे उत्तर रिलेच्या इतिहासात सापडते, म्हणून आज तिथून सुरुवात करू.

डिस्टन्स रिले येण्यापूर्वी लाइनचे रक्षण ओव्हरकरंट रिले करत असत. एकामागोमाग एक उपकेंद्रे असतील, तर टोकाचा रिले सर्वांत जलद आणि पॉवर हाऊसजवळचा सर्वांत सावकाश, अशी वेळ वाटून द्यावी लागे. म्हणजे फॉल्टचा प्रवाह जिथे सर्वांत मोठा, तिथेच तो सर्वांत जास्त वेळ वाहत राही. १९२३ साली वेस्टिंगहाऊस कंपनीचे अभियंते क्रायटन यांनी अमेरिकन इलेक्ट्रिकल इंजिनिअर्सच्या संस्थेपुढे डिस्टन्स रिलेवरचा निबंध मांडला. कल्पना साधी होती. रिलेच्या जागेवरचा व्होल्टेज भागिले प्रवाह म्हणजे फॉल्टपर्यंतचा इम्पिडन्स, आणि लाइनचा इम्पिडन्स लांबीच्या प्रमाणात असतो. तेव्हा रिलेने ओहम मोजले की त्याला किलोमीटर कळले.

या सुरुवातीच्या रिलेंमध्ये पहिला, दुसरा असे झोन नव्हते, हे लक्षात घ्या. प्रवाह चकती फिरवी, व्होल्टेज तिला अडवी, आणि फॉल्ट जितका दूर तितका रिले सावकाश चाले. वेळेचा आलेख म्हणजे सरळ चढण होती. 'क' कडे जाणाऱ्या लाइनवर, 'ब' उपकेंद्राच्या थोडे पुढे फॉल्ट झाला, तर 'ब' च्या रिलेला तो अगदी जवळ दिसे आणि मागच्या 'अ' च्या रिलेला दूर. 'ब' आधी चाले, 'अ' थांबे. पल्ला नेमका कुठे संपतो हा प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण दोघांमधला निवाडा वेळ करत होती.

हे फार काळ चालले नाही. लाइनवरचा भार वाढला तशी स्थिरतेची अडचण पुढे आली: फॉल्ट जास्त वेळ राहिला तर दोन्ही टोकांची जनित्रे एकमेकांच्या पायरीतून निसटतात. चढणीवरून रमतगमत जाणारा रिले आता परवडेना. १९३० च्या सुमारास तराजूसारखी दांडी असलेले जलद रिले आले आणि चढणीचा जिना झाला. पहिल्या पायरीवर मुद्दाम ठेवलेला विलंब शून्य, दुसऱ्या पायरीवर थोडा विलंब, तिसरीवर आणखी. आपला प्रश्न इथे जन्माला आला. विलंब शून्य केला, की 'अ' आणि 'ब' यांच्यात निवाडा करायला वेळ उरत नाही. उरते फक्त अंतराचे मोजमाप, आणि मोजमापात चूक असतेच.

ही चूक आकड्यांत पाहू. समजा, 'अ' ते 'ब' ही २२० केव्हीची लाइन १०० किलोमीटरची आहे आणि तिचा इम्पिडन्स किलोमीटरला ०.४ ओहम, म्हणजे एकूण ४० ओहम. 'ब' पासून 'क' पर्यंत पुढची लाइन ६० किलोमीटरची, तशाच तारांची. आता 'अ' चा पहिला झोन बरोबर ४० ओहमवर ठेवा आणि एकूण चूक फक्त ५ टक्के धरा. प्रत्यक्ष पल्ला ४२ ओहम, म्हणजे १०५ किलोमीटर झाला. 'ब' च्या पुढे २ किलोमीटरवर फॉल्ट झाला, तर तो 'अ' पासून ४०.८ ओहमवर आहे. 'ब' चा रिले पुढची लाइन तत्काळ तोडेल, ते योग्यच. पण 'अ' चा रिलेही त्याच क्षणी आपली धडधाकट लाइन तोडेल. 'ब' ला दुसरीकडून पुरवठा नसेल, तर सगळे उपकेंद्र अंधारात. नंतर नोंदी तपासताना हे ओळखू येते: दोन लागोपाठच्या लाइनच्या रिलेंवर एकाच फॉल्टसाठी 'झोन १' चा संकेत दिसतो, आणि 'अ' चा फॉल्ट लोकेटर १०० च्या आसपासचे अंतर दाखवतो.

आता पल्ला ८० टक्के, म्हणजे ३२ ओहम ठेवा. चूक १५ टक्के झाली तरी तो ३६.८ ओहम, म्हणजे ९२ किलोमीटरवर संपतो. 'ब' ओलांडत नाही. दुसरा झोन १२० टक्के, म्हणजे ४८ ओहम ठेवतात. तो १५ टक्क्यांनी आखूड झाला तरी ४०.८ ओहम उरतात आणि लाइनचे टोक झाकले जाते. पहिल्या झोनने कधीही टोक ओलांडू नये आणि दुसऱ्याने कधीही टोकाच्या अलीकडे थांबू नये, म्हणून एकाच चुकीसाठी दोघांची मार्जिने उलट दिशांना आहेत. दुसरा झोन पुढच्या लाइनमध्ये शिरतो खरा, पण आपल्याकडे सामान्यतः तो सुमारे ०.३५ सेकंद थांबतो; तेवढ्यात 'ब' चा रिले आणि ब्रेकर आपले काम उरकतात.

एवढी मोठी चूक येते कुठून? करंट आणि व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरच्या चुका तर आहेतच. त्यात फॉल्टच्या पहिल्या काही सायकलमध्ये प्रवाहात विरत जाणारा डी.सी. भाग मिसळतो. त्यामुळे प्रवाह खऱ्याहून मोठा भासतो आणि फॉल्ट खऱ्याहून जवळ. जलद रिले नेमका याच काळात निर्णय घेतो. जमिनीच्या फॉल्टमध्ये परतीची वाट मातीतून असते आणि मातीचा रोध जागोजागी वेगळा, म्हणून लाइनचा शून्यक्रम इम्पिडन्स हा बहुधा अंदाजच असतो. डबल सर्किट टॉवरवर आणखी एक सापळा आहे. शेजारचे सर्किट दुरुस्तीसाठी दोन्ही टोकांना अर्थ केलेले असेल, तर परस्पर प्रेरणामुळे चालू सर्किटचा रिले जमिनीच्या फॉल्टसाठी सेटिंगपेक्षा पुढे पाहतो. हे बेतताना विसरले जाते, कारण कागदावर ते सर्किट 'बंद' असते.

म्हणूनच आजच्या न्यूमेरिकल रिलेमुळे आकडा फारसा हलला नाही. रिले स्वतः अचूक झाला, पण त्याला मिळणारे व्होल्टेज, प्रवाह आणि लाइनचे स्थिरांक तेच राहिले. काही ठिकाणी ८५ किंवा ९० टक्के ठेवतात. त्याआधी लाइनचा इम्पिडन्स प्रत्यक्ष मोजून घेतलेला बरा.

उरलेल्या २० किलोमीटरचे काय? तिथला फॉल्ट 'ब' च्या, 'अ' कडे पाहणाऱ्या रिलेला जवळचा, म्हणून 'ब' टोक तत्काळ तुटते. पण 'अ' टोक ०.३५ सेकंद फॉल्टला वीज पुरवत राहते. लाइनच्या मधल्या ६० किलोमीटरमध्येच दोन्ही टोके एकदम तुटतात. दोन्ही बाजूंची २०-२० किलोमीटर या सोयीबाहेर राहतात. यावर उपाय म्हणून पॉवर लाइन कॅरियर आला, आणि आता संदेश ऑप्टिकल फायबरवरून जातो. 'ब' चा रिले फॉल्ट पाहताच 'अ' ला तसे कळवतो; 'अ' च्या दुसऱ्या झोनलाही फॉल्ट दिसत असेल, तर तो न थांबता ट्रिप देतो. पहिला झोन मात्र ८० टक्क्यांवरच राहतो, कारण संदेशाची वाट नादुरुस्त असेल त्या दिवशी त्याला कुणालाही न विचारता निर्णय घ्यायचा असतो.