चुकून दुसऱ्याची बॅग उचलली तर ती चोरी होते का? 'मेन्स रिया' आणि 'ॲक्टस रीअस' म्हणजे काय?

समजा, तुम्ही रत्नागिरी एसटी स्टँडवर चिपळूणच्या गाडीची वाट बघताय. बाकावर तुमची काळी सॅक आहे आणि शेजारी अगदी तशीच दुसरी सॅक. गाडी लागते, धावपळ होते आणि तुम्ही भलतीच सॅक उचलून गाडीत बसता. हातखंबा गेल्यावर चेन उघडता, तर आत दुसऱ्याच कुणाचे कपडे!

आता तुम्ही चोर ठरता का?

कायदा इथे दोन प्रश्न विचारतो. पहिला, कृत्य घडलं का? याला म्हणतात 'ॲक्टस रीअस', म्हणजे अपराधी कृत्य. दुसरा, ते करताना मनात काय होतं? हे 'मेन्स रिया', म्हणजे अपराधी मन. दोन्ही शब्द लॅटिन आहेत.

भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार, दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू त्याच्या संमतीशिवाय अप्रामाणिक हेतूने घेण्यासाठी हलवली, की चोरी होते. तुम्ही सॅक हलवली, संमतीही नव्हती. पण ती आपलीच आहे असं तुम्हाला खरोखर वाटत होतं. अप्रामाणिक हेतू नाही, म्हणून चोरी नाही.

गोष्ट इथे संपत नाही, बरं का. सॅकमध्ये मालकाचा फोन नंबर सापडला आणि तरीही तुम्ही आतले पैसे खर्च केले, तर? आता चूक कळल्यानंतरचं मन बदललं. उचलताना गुन्हा नव्हता, पण आता कलम ३१४ खालचा मालमत्तेच्या अपहाराचा गुन्हा झाला. मन आणि कृत्य एकाच वेळी जुळावं लागतं, ते असं.

उलटही होतं. शेजाऱ्याच्या बागेतले हापूस रात्री काढायचे, असं कुणी नुसतं मनात ठरवलं आणि झोपून गेला, तर गुन्हा नाही. नुसत्या विचाराला शिक्षा नसते. पण गर्दीत कुणाच्या खिशात हात घातला आणि खिसा रिकामा निघाला, तर? हाती काही लागलं नाही, तरी तो चोरीचा प्रयत्न ठरतो, कारण मनातला बेत कृतीत उतरला.

मनातलं कोर्टाला कसं कळतं?

वागण्यावरून. चूक कळताच कंडक्टरला सांगितलं, डेपोत फोन केला, तर मन साफ असल्याचं दिसतं. सॅकवरचं नाव खरवडून काढलं, तर उलट दिसतं.

पण मन साफ असूनही शिक्षा होऊ शकते का?

यावरचा गाजलेला खटला मुंबईतला आहे: महाराष्ट्र राज्य विरुद्ध मेयर हान्स जॉर्ज.

जॉर्ज हा जर्मन नागरिक. २७ नोव्हेंबर १९६२ ला तो झुरिकहून मनिलाला निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी विमान मुंबईत सांताक्रूझला थांबलं. तो उतरलाही नाही. कस्टम अधिकारी विमानात आले आणि त्याच्या खास शिवलेल्या जाकिटातून सुमारे ३४ किलो सोनं निघालं.

मेख अशी होती, की भारतातून पुढे जाणाऱ्या सोन्याचीही विमानाच्या मालयादीत नोंद हवी, ही रिझर्व्ह बँकेची नवी अट २४ नोव्हेंबरलाच राजपत्रात छापली गेली होती. म्हणजे जेमतेम चार दिवस आधी! जॉर्जचं म्हणणं होतं, मला हा नियम माहीतच नव्हता, मग माझं मन अपराधी कसं?

मॅजिस्ट्रेटने त्याला एक वर्षाची शिक्षा दिली. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला सोडलं. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने त्याला पुन्हा दोषी ठरवलं. बहुमताचं म्हणणं होतं, की हा कायदा तस्करी रोखण्यासाठी आहे, प्रत्येकाचं अज्ञान मान्य केलं तर त्याला अर्थच उरणार नाही. सोनं त्याने जाणूनबुजून आणलं होतं, एवढं मन पुरेसं आहे. न्यायमूर्ती सुब्बा राव यांचं मत वेगळं होतं: कायद्यात स्पष्ट नसेल, तर मेन्स रिया लागतोच. शेवटी शिक्षा मात्र आधी भोगली तेवढ्यावर आणली गेली.

मग सॅकवाला सुटतो आणि जॉर्ज का नाही?

दोन कारणं आहेत. एक, चोरीच्या व्याख्येतच 'अप्रामाणिक हेतू' लिहिलेला आहे. जॉर्जला लागू झालेल्या नियमात तसं काही नव्हतं. दुसरं, सॅकवाल्याची चूक वस्तुस्थितीबद्दल होती, 'ही सॅक कुणाची' याबद्दल. जॉर्जची चूक कायद्याबद्दल होती. 'मला वाटलं माझीच आहे' हे कोर्ट ऐकून घेतं. 'मला नियम माहीत नव्हता' हे मात्र सहसा चालत नाही.