लाप्लासचा नियम आणि निलयाची पुनर्रचना

पोकळ गोलाच्या आतील दाब, गोलाची त्रिज्या आणि भित्तीत निर्माण होणारा ताण यांचे नाते सांगणारा नियम. थॉमस यंग यांनी 1805 मध्ये व प्येर सीमाँ लाप्लास यांनी 1806 मध्ये द्रवाच्या पृष्ठताणाचा विचार करताना तो मांडला. हृदयासारख्या पोकळ अवयवांना तो लागू करण्याचा विचार आर. एच. वुड्स यांनी 1892 मध्ये मांडला. हृदयविकाराच्या झटक्यानंतर डावे निलय महिनोन् महिने का पसरत जाते, याच्या स्पष्टीकरणाचा गाभा हाच नियम आहे.

निलय गोल मानले, तर भित्तीच्या दर एकक क्षेत्रावर येणारा ताण (σ) पुढील सूत्राने मिळतो. येथे P हा आतील दाब, r ही त्रिज्या आणि h ही भित्तीची जाडी होय.

σ = P × r / 2h

प्रत्यक्षात निलय अंड्यासारखे लांबट असते, शिवाय त्याची भित्ती जाड असते. त्यामुळे सूत्रातून येणारा आकडा ढोबळच असतो. मात्र ताण कोणत्या दिशेने बदलतो ते त्यावरून बरोबर कळते. दाब तोच असताना त्रिज्या वाढली की ताण वाढतो, भित्ती जाड झाली की तो वाटला जाऊन कमी होतो. उच्च रक्तदाबात पुष्कळदा असेच घडते: स्नायुपेशींत नवे तंतुक एकमेकांच्या शेजारी रचले जातात, भित्ती जाडावते आणि ताण आटोक्यात राहतो.

मोठ्या झटक्यानंतर घडते ते वेगळे. मृत झालेला भाग पहिल्या काही दिवसांत मऊ पडतो, त्यातील कोलॅजनची वीण सैल होते, पेशींचे थर एकमेकांवरून सरकतात आणि तो भाग ताणला जाऊन पातळ होतो. उरलेल्या निरोगी स्नायूला जास्त रक्ताचा भार पेलावा लागतो. विश्रांतीच्या टप्प्यात पेशी सतत ताणल्या गेल्याने नवे तंतुक आता शेजारी न रचता टोकाला टोक जोडून रचले जातात. पेशी लांब होते, पण त्या प्रमाणात जाड होत नाही. आरंभी याचा फायदाच होतो. मोठ्या पोकळीतून तेवढेच रक्त बाहेर टाकण्यासाठी तंतूंना कमी आखडावे लागते. या सोयीची किंमत ताणाच्या रूपाने पुढे मोजावी लागते.

उदाहरणादाखल आतील त्रिज्या 2.5 सेंमी, भित्ती 1 सेंमी आणि दाब 120 मिमी पारा धरला, तर ताण 150 मिमी पारा येतो. काही महिन्यांनी त्रिज्या 3.5 सेंमी आणि भित्ती 0.8 सेंमी झाली, तर त्याच दाबाला ताण सुमारे 262 होतो, म्हणजे पाऊणपट अधिक. दाब 105 पर्यंत उतरला तरी ताण 230 च्या आसपास राहतो. येथे एक गैरसमज हमखास होतो. भित्ती पातळ दिसली म्हणून स्नायू घटला असे नव्हे. वरच्या उदाहरणात भित्तीचे एकूण घनफळ काढले, तर ते सुमारे एकतृतीयांशाने वाढलेले निघते. हृदय जड झालेले असते. वाढ त्रिज्येच्या मानाने अपुरी पडलेली असते.

वाढलेल्या ताणामुळे स्नायूची ऑक्सिजनची गरज वाढते, पण भित्तीच्या आतल्या थराला रक्त पोचणे अवघड होते. जास्त ताणाविरुद्ध तंतू कमी आखडतात, प्रत्येक ठोक्यानंतर अधिक रक्त मागे उरते आणि त्रिज्या आणखी वाढते. निलय गोलसर होत जाते, तेव्हा द्विदल झडपेच्या दोऱ्या ज्यांना बांधलेल्या असतात ते स्नायू दूर सरकतात, झडप नीट मिटत नाही आणि मागे गळणारे रक्त भारात भर घालते. इकोमध्ये विश्रांतीच्या अखेरीस निलयाचा व्यास प्रौढ पुरुषात सुमारे 58 मिमीपलीकडे, स्त्रीत 52 मिमीपलीकडे गेला तर ते पसरल्याचे मानतात. एका तपासणीपेक्षा काही महिन्यांच्या अंतराने केलेल्या दोन तपासण्यांतील फरक अधिक बोलका असतो.

हे चक्र औषधांनी मंदावता येते. 1992 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सेव्ह’ चाचणीत झटका येऊन गेलेल्या, निलय दुबळे झालेल्या 2,231 रुग्णांचा अभ्यास झाला. कॅप्टोप्रिल घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण 20 टक्के, तर न घेणाऱ्यांत 25 टक्के होते. बीटा-रोधकांनी काही रुग्णांत पसरलेले निलय महिन्यांच्या अवधीत पुन्हा आकसते.

मग चाकूनेच त्रिज्या कमी का करू नये? ‘स्टिच’ चाचणीत 1,000 रुग्णांपैकी निम्म्यांवर बायपाससोबत निलय लहान करण्याची शस्त्रक्रिया झाली. निलयात उरणाऱ्या रक्ताचे आकारमान त्यांच्यात 19 टक्क्यांनी, तर केवळ बायपास झालेल्यांत 6 टक्क्यांनी घटले. तरीही 2009 मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत मृत्यू आणि हृदयविकारासाठी रुग्णालयात दाखल होण्याचे एकत्रित प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच निघाले.