पीएलसी प्रोग्रामरच्या जागेसाठी अर्ज : प्रकल्पाविषयी काय लिहावे?

तंत्रनिकेतनातील तीन वर्षांची पदविका पूर्ण करून पीएलसी प्रोग्रामरच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्या उमेदवाराकडे अनुभव म्हणून दाखविण्यासारखे बहुधा एकच काम असते, ते म्हणजे अंतिम वर्षाचा प्रकल्प. सरकत्या पट्ट्यावरून येणाऱ्या वस्तू निवडून वेगळ्या करणारे यंत्र हा त्यातील नेहमीचा विषय. हे यंत्र अनेक विद्यार्थी करतात आणि त्याचे तयार संच बाजारात विकतही मिळतात. त्यामुळे ‘कन्व्हेयर सॉर्टिंगचा प्रकल्प यशस्वीपणे पूर्ण केला’ या वाक्यावरून अर्ज वाचणाऱ्या अभियंत्याला काहीच कळत नाही. प्रोग्राम उमेदवाराने स्वतः लिहिला का, हे त्याला जाणून घ्यायचे असते. त्याचे उत्तर यशाच्या वर्णनात क्वचितच सापडते. यंत्र कोठे चुकले आणि ती चूक कशी शोधली, हे सांगणाऱ्या दोन-तीन वाक्यांत मात्र ते हमखास सापडते.

या यंत्रातील एक चूक ठरलेली आहे. पट्ट्यालगतचा संवेदक धातूची वस्तू ओळखतो आणि काही अंतर पुढे असलेला हवेच्या दाबावरील दट्ट्या ती बाजूला ढकलतो. समजा, हे अंतर ६०० मिलिमीटर आहे आणि पट्टा सेकंदाला २०० मिलिमीटर सरकतो. नवशिक्या सरळ हिशेब करतो : वस्तू दिसली की तीन सेकंदांचा टायमर सुरू करायचा आणि तो संपला की दट्ट्या पुढे सारायचा. एकेक वस्तू सोडून पाहिली तर यंत्र बिनचूक चालते. मात्र २५० मिलिमीटर अंतराने दोन धातूच्या वस्तू आल्या, तर दुसरी वस्तू सव्वा सेकंदातच संवेदकासमोर येते. त्या वेळी टायमर पहिल्या वस्तूसाठी चालू असतो. दुसरीची नोंद कोठेच होत नाही आणि ती तशीच पुढे निघून जाते. शिवाय पट्ट्याचा वेग थोडा कमी-जास्त झाला की तीन सेकंदांचे गणितही चुकते.

ज्याने हे अनुभवले आहे त्याने आपल्या अर्जात ते कसे मांडावे, याचा एक नमुना पुढे दिला आहे. पत्र इंग्रजीत लिहावयाचे असले तरी मुद्दे आणि त्यांचा क्रम हाच ठेवावा.

विषय : कनिष्ठ पीएलसी प्रोग्रामर या पदासाठी अर्ज

महोदय,

आपल्या जाहिरातीतील वरील पदासाठी मी अर्ज करीत आहे. मी यंदा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाची इन्स्ट्रुमेंटेशन विषयातील पदविका प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झालो आहे.

अंतिम वर्षात आम्ही चौघांनी धातूच्या आणि प्लॅस्टिकच्या वस्तू वेगळ्या करणारा कन्व्हेयर तयार केला. त्याची वायरिंग आणि पीएलसीचा प्रोग्राम ही माझी जबाबदारी होती. सांगाडा आणि हवेच्या नळ्यांची जोडणी माझ्या सहकाऱ्यांनी केली. सिमेन्स एस७-१२०० मालिकेतील पीएलसीवर सहा इनपुट आणि चार आउटपुट वापरून मी लॅडर भाषेत प्रोग्राम लिहिला.

सुरुवातीस दट्ट्याची वेळ मी टायमरने ठरविली होती. वस्तू एकामागोमाग सोडल्यावर शंभरपैकी अकरा चुकीच्या बाजूला गेल्या. टायमर एका वेळी एकच वस्तू लक्षात ठेवतो, हे प्रोग्राम ऑनलाइन पाहताना माझ्या ध्यानात आले. त्यानंतर पट्ट्याच्या रोलरवर चार खाचांची चकती बसविली. रोलरचा परीघ सुमारे २०० मिलिमीटर असल्याने पट्टा ५० मिलिमीटर सरकला की एक स्पंद मिळतो. प्रत्येक स्पंदाला वस्तूंची नोंद शिफ्ट रजिस्टरमध्ये एक घर पुढे जाते आणि बाराव्या स्पंदाला दट्ट्या चालतो. या बदलानंतर शंभरपैकी एकच वस्तू चुकली. ती पट्ट्याच्या कडेने, संवेदकाच्या टप्प्याबाहेरून गेली होती. त्यासाठी बाजूला मार्गदर्शक पट्ट्या लावल्या.

दट्ट्याला पुढे जाऊन मागे येण्यास ०.८ सेकंद लागतात. त्यामुळे वस्तूंमधील अंतर २५० मिलिमीटरहून कमी झाल्यास हे यंत्र भरवशाने काम करीत नाही.

आपल्याकडील मित्सुबिशीच्या पीएलसीवर मी अद्याप काम केलेले नाही. यंत्र सुरू करून देण्यासाठी ग्राहकाच्या कारखान्यात राहण्याची माझी तयारी आहे. प्रोग्रामची छापील प्रत आणि वायरिंगचा आराखडा मुलाखतीस घेऊन येईन.

आपला विश्वासू,
(सही)

या पत्रात स्वतःविषयीचे एकही विशेषण नाही, तरी वाचणाऱ्याला हवे ते बहुतेक सारे मिळते. गटातील स्वतःचा वाटा वेगळा सांगितला आहे. आकडे एकमेकांशी जुळतात, कारण ५० मिलिमीटरची बारा पावले म्हणजे बरोबर ६०० मिलिमीटर. अनुभवी वाचक हा ताळा मनातल्या मनात करून पाहतोच. यंत्राची मर्यादाही आकड्यासह आली आहे. ०.८ सेकंदात पट्टा १६० मिलिमीटर पुढे जातो. त्यात साधारण ६० मिलिमीटर लांबीची वस्तू धरली की २२० मिलिमीटर होतात आणि थोडी मोकळीक ठेवून २५० हा आकडा निघतो.

पत्रातील प्रत्येक वाक्यावर प्रश्न येणार, हे धरूनच ते लिहावे. या पत्रावर पहिला प्रश्न बहुधा असा येईल : ‘स्पंद चालू असेपर्यंत रजिस्टर सरकतच राहिले तर?’ पीएलसी सगळा प्रोग्राम काही मिलिसेकंदांत पुन:पुन्हा वाचतो. म्हणून स्पंद सुरू होण्याच्या क्षणीच, एकदाच, नोंद सरकविण्याची अट घालावी लागते. ती विसरल्यास एका स्पंदातच नोंद रजिस्टरच्या टोकापर्यंत धावते. ज्याने प्रोग्राम लिहिला आहे त्याने ही चूक एकदा तरी केलेली असते, त्यामुळे उत्तर लगेच येते.

दुसरा प्रश्न आपत्कालीन थांब्याचा. त्याचे बटण केवळ पीएलसीच्या इनपुटला जोडून प्रोग्रामवर विसंबणे धोक्याचे आहे. ते दाबताच मोटर आणि झडपांचा वीजपुरवठा रिलेमार्फत थेट तुटला पाहिजे. पीएलसीला त्याची फक्त खबर द्यावी. आपल्या प्रकल्पात तशी जोडणी नसेल तर तसे सांगावे आणि कशी हवी होती तेही सांगावे.

जाहिरातीतील पीएलसी वेगळ्या कंपनीचा असेल तर ते लपवू नये. शिफ्ट रजिस्टरची कल्पना सर्वत्र एकच असते, आज्ञेचे नाव तेवढे बदलते : सिमेन्समध्ये `SHL`, मित्सुबिशीत `SFTL`, ॲलन-ब्रॅडलीत `BSL`. ही तुलना पत्रात नको, मुलाखतीत विचारल्यास सांगावी. ‘सर्व पीएलसींचे ज्ञान’ असे लिहिणाऱ्याला मात्र पहिल्याच प्रश्नाला अडचण येते.

पत्र एका पानात संपवावे. पाठविण्यापूर्वी आकडे प्रत्यक्ष यंत्रावर पुन्हा मोजून घ्यावेत. प्रकल्प मोडीत निघण्याआधी प्रोग्रामची प्रत स्वतःजवळ ठेवावी, कारण मुलाखतीत पत्राच्या बरोबरीने तीच समोर ठेवावी लागते.