चोळीची गाठ, ब्लाउजचा टक्स

नगरकडच्या जुन्या खणाच्या चोळीला टक्स नसे. तुकडे जोडून, पुढे गाठ मारून ती अंगावर बसे. इंग्रजी अमलात बेतून शिवलेला ब्लाउज रुळला, तसा टक्सही रुळला.

टक्स म्हणजे कापडातली पाचर. कमरेशी तीन सेंटीमीटर चिमटले की तेवढाच घेर वर उभार म्हणून उरतो. टीप छातीच्या टोकाआधी दोन सेंटीमीटर थांबवावी. पुढे गेली तर चोच दिसते.

चुण्यांत तीस सेंटीमीटर कापड वीसमध्ये गोळा होते आणि टिपेखाली सैल फुगते. शर्रिंगमध्ये इलास्टिक दोऱ्याच्या ओळी तोच फुगा अंगालगत धरतात, ताणूही देतात. रुशिंगचे कापड दोन्ही कडांना चुणलेले असते. फुगा वरवरचाच राहतो. आकार बहुधा अस्तर देते, म्हणून तिथे अस्तराला टक्स घालतात.