कॅमेरा ज्याच्याकडे, कारण त्याच्याकडे

मागच्या वेळी आपण ह्यूमपाशी थांबलो होतो. त्याचं म्हणणं असं, की कारण डोळ्यांना दिसत नाही. एकामागून एक घडणाऱ्या गोष्टी तेवढ्या दिसतात, कारण आपण सवयीनं जोडतो. आज बघू या, की हे जोडणं आपण कुठे बसलोय यावरही कसं अवलंबून असतं.

१९७५ मध्ये शेली टेलर आणि सुझन फिस्क या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. दोन माणसं समोरासमोर बसून गप्पा मारताहेत आणि भोवती प्रेक्षक बसलेत. संभाषण सगळ्यांनी एकच ऐकलं. पण ज्यांना पहिल्याचा चेहरा समोर दिसत होता त्यांना वाटलं, संभाषणाची सूत्रं पहिल्याच्या हाती होती. दुसऱ्याच्या समोर बसलेल्यांना ती दुसऱ्याच्या हाती वाटली. बाजूला बसलेल्यांना दोघं सारखेच वाटले.

पुढे डॅनियल लॅसिटरनं हाच प्रश्न पोलीस चौकशीला लावला. १९८६ च्या प्रयोगात एकाच कबुलीजबाबाचं चित्रण तीन कोनांतून दाखवलं. फक्त संशयित दिसला तेव्हा कबुली स्वेच्छेची वाटली. फक्त अधिकारी दिसला तेव्हा ती दबावाखालची वाटली. दोघं सारखे दिसले तेव्हा मत मधोमध राहिलं. शब्द मात्र तेच होते! नंतरच्या अभ्यासात न्यायाधीश आणि पोलीसही यातून सुटले नाहीत. न्यूझीलंडच्या पोलिसांनी तर दोघंही चौकटीत दिसतील असं चित्रण करण्याचं धोरण स्वीकारलं.

आता ऑनलाइन तोंडी परीक्षेकडे या. मी एका विद्यार्थ्याला ‘अडखळतो’ म्हणून कमी गुण दिले होते. त्याच्या पाठीमागे खिडकी होती. कॅमेरा उजेडाची सरासरी काढतो, त्यामुळे मागचा लख्ख उजेड सांभाळताना चेहरा काळवंडला. मला तो निरुत्साही वाटला. पडद्यावर तो एकटाच मोठा दिसत होता. नंतर चित्रण पुन्हा पाहिलं, या वेळी सगळ्यांच्या चौकटी सारख्या ठेवून. तेव्हा दिसलं, की प्रश्न अर्धवट सोडून मीच दुसरा विचारत होतो. अडखळणं त्याच्याकडे दिसलं, पण त्याचं कारण माझ्याकडे होतं. खिडकीचा दोषही मी त्याच्याच खाती मांडला होता.

लॅसिटरचे प्रयोग कबुलीजबाबांचे आहेत, वर्गांचे नाहीत. इथे मी ते ताणतोय, हे मान्य. पण पडताळा सोपा आहे. गुण देण्याआधी चित्र बंद करून फक्त आवाज ऐका. मत बदललं, तर समजा, आधीच्या मतात उजेडाचा आणि कोनाचा वाटा होता. आवाजाला स्वतःचे पूर्वग्रह चिकटतातच, म्हणून हा निवाडा नव्हे, फक्त ताळा आहे.

मी तो ताळा केला, तेव्हा निकाल लागून गेला होता.