कानातली पिसू आणि मांजराला दिलेली जीभ

फ्रेंच माणसाला कोड्याचं उत्तर काही केल्या सुचेना, की तो म्हणतो, 'ज दॉन मा लांग ओ शा', म्हणजे मी माझी जीभ मांजराला देतो. आपल्याकडे मुलं अशा वेळी 'हरलो, सांग' म्हणतात, तेवढाच त्याचा अर्थ. तोच माणूस घरी येऊन सांगतो, की दुकानाच्या हिशेबात एकाच क्रमांकाची दोन बिलं दिसली आणि 'सा मा मी ला प्यूस आ लोरेय', त्यानं माझ्या कानात पिसू घातली. म्हणजे त्याला तिथं पहिल्यांदा संशय आला. दोन्ही वाक्प्रचारांत एक प्राणी आहे आणि माणसाच्या शरीराचा एक अवयव आहे. दोन्ही आज रोजच्या बोलण्यातले आहेत. पण त्यांच्या कुळकथा एकमेकींच्या अगदी उलट आहेत. पिसू आणि कान शतकानुशतकं जागचे हलले नाहीत, अर्थ मात्र बदलला. दुसऱ्या वाक्प्रचारात अर्थ तसाच राहिला आणि प्राणी बदलला.

आधी पिसवेकडे जाऊ. मध्ययुगीन फ्रेंचमध्ये एखाद्याच्या कानात पिसू आहे असं म्हटलं, तर तो प्रेमानं किंवा वासनेनं व्याकूळ झाला आहे, असा अर्थ होत असे. आज हे विचित्र वाटतं, पण त्या काळचं अंथरूण डोळ्यांसमोर आणलं की उलगडतं. पिसवा गरिबाच्या गवताच्या गादीत होत्या तशा सरदाराच्या पलंगावरही होत्या. पिसू दिसत नाही, सापडत नाही, पण तिच्यामुळे झोप लागत नाही. ती कानाशी आली तर तिची वळवळ साऱ्या डोक्यात भरून राहते. रात्रभर कूस बदलणाऱ्या प्रेमिकाचं वर्णन करायला याहून ओळखीचा अनुभव कुठून आणणार?

शिवाय पिसवेला जिथे मज्जाव नाही, तिथे प्रियकराला मज्जाव असतो. ओव्हिडच्या नावावर खपलेल्या, पण त्याची नसलेल्या एका लॅटिन कवितेत प्रियकर पिसवेचा हेवा करतो, तिचं रूप आपल्याला मिळावं म्हणतो. हा विषय सोळाव्या शतकातल्या फ्रेंच विद्वानांना पाठ होता. 1579 साली पॅरिसचे न्यायाधीश आणि वकील खास न्यायसत्रासाठी प्वातिए शहरात उतरले होते. तिथे मादलेन दे रॉश आणि तिची मुलगी कातरीन या दोन्ही लेखिकांच्या घरी त्यांची ये-जा असे. एके दिवशी एत्येन पास्किये या वकिलाला कातरीनच्या छातीवर पिसू दिसली आणि त्यानं त्यावर कविता करायची टूम काढली. कातरीननं स्वतःही कविता लिहिली. मग एकामागून एक कायदेपंडित फ्रेंचमध्ये, लॅटिनमध्ये, अगदी ग्रीकमध्येही पिसवेवर काव्य रचू लागले. त्या साऱ्यांचा संग्रह 1582 मध्ये पॅरिसला छापून निघाला. पिसू आणि शृंगार यांची जोडी त्या काळी इतकी मुरलेली होती.

या वाक्प्रचाराचा सर्वांत मोलाचा साक्षीदार मात्र त्याआधीचा आहे: फ्रांस्वा राब्ले. 1546 साली निघालेल्या त्याच्या 'तिएर लिव्हर' या पुस्तकाच्या सातव्या प्रकरणात पानुर्ज नावाचं पात्र आपला मालक पांताग्र्युएल याच्यापुढे विलक्षण वेशात येऊन उभं राहतं. त्यानं उजवा कान टोचून घेतला आहे, त्यात सोन्याची छोटी बाळी घातली आहे आणि बाळीच्या कोंदणात हिऱ्यामाणकाच्या जागी एक पिसू बसवली आहे. पांताग्र्युएल विचारतो, हा काय प्रकार? पानुर्ज सांगतो, माझ्या कानात पिसू आहे, मला लग्न करायचं आहे. राब्लेनं वाक्प्रचार शब्दशः घेऊन त्याचा दागिना घडवला. 1546 च्या वाचकाला या वाक्यातून कामेच्छा हाच अर्थ लागत होता, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणं कठीण.

पण पुस्तक तिथे थांबत नाही. लग्न करायचं ठरवल्यावर पानुर्जला लगेच दुसरी धास्ती पडते: बायको आपल्याला फसवणार तर नाही ना? उरलेलं पुस्तक या एका प्रश्नावर चालतं. तो भविष्य सांगणाऱ्या म्हातारीकडे जातो, मरणाला टेकलेल्या कवीकडे जातो, पांताग्र्युएलनं जेवायला बोलावलेल्या धर्मपंडित, वैद्य आणि तत्त्वज्ञ यांना विचारतो, शेवटी एका वेड्याचाही सल्ला घेतो. कोणाच्याच उत्तरानं त्याचं समाधान होत नाही. वाक्प्रचाराचा पुढचा प्रवास कोणत्या वाटेनं झाला असेल, ते या पात्राकडे पाहिलं की कळतं. इच्छेची बेचैनी आणि संशयाची बेचैनी या दोन्ही माणसाला रात्री जागं ठेवतात, दोन्हींत मन एकाच जागी पुन्हा पुन्हा जातं. पिसवेच्या प्रतिमेत मूळचा गाभा होता तो या बेचैनीचा. प्रेम हे तिचं एक कारण. पुढे काळजी हेही कारण चालू लागलं. कान हा ऐकण्याचा अवयव, त्यामुळे कोणीतरी कानावर घातलेली गोष्ट मनात वळवळत राहते, हा अर्थही त्यात सहज सामावला.

आजच्या अर्थात शृंगार उरलेला नाही, राहिला तो फक्त संशय. दोन्ही अर्थांच्या सीमेवर उभं असलेलं एक नाटक मात्र आजही जगभर होतं: जॉर्ज फेदोचं 'ला प्यूस आ लोरेय', पहिला प्रयोग पॅरिस, 1907. रेमोंद या विवाहितेच्या हाती टपालानं आलेलं एक पुडकं लागतं. त्यात तिच्या नवऱ्याचे पँटचे पट्टे असतात, आणि ते पाठवलेले असतात एका बदनाम हॉटेलातून. नवरा अलीकडे थंड वागतो आहे, हे तिच्या लक्षात आलेलंच असतं. पट्टे तिच्या कानात पिसू घालतात. ती मैत्रिणीच्या हातून एक सुगंधी निनावी प्रेमपत्र लिहवून नवऱ्याला त्याच हॉटेलात बोलावते, आणि पुढचा सारा गोंधळ तिथून सुरू होतो. खरं तर नवऱ्यानं ते पट्टे पुतण्याला दिलेले असतात. फेदोच्या शीर्षकाचा अर्थ संशय एवढाच आहे, तरी त्या संशयाचा विषय शरीरसंबंधच आहे. इंग्रजीत या नाटकाचं नाव शब्दशः भाषांतरित करून रूढ झालं. पण इंग्रजीत कानात पिसू घालून एखाद्याला परत पाठवणं म्हणजे त्याला खडसावून हाकलणं. त्यामुळे केवळ इंग्रजी शीर्षक वाचणाऱ्याला नाटकाचा विषय भलताच वाटू शकतो.

आता जीभ. 15 डिसेंबर 1670 रोजी मादाम द सेव्हिन्ये यांनी पॅरिसहून आपला मामेभाऊ कुलांज याला ल्यों शहरी एक पत्र लिहिलं. फ्रान्समधल्या शाळांत ते अजून वाचलं जातं. आपल्याकडे एक अद्भुत बातमी आहे, एवढं सांगण्यासाठी त्या आधी विशेषणांची लांबलचक माळ लावतात. मग म्हणतात, ओळखा, तीन संधी देते. आणि लगेच विचारतात: 'जीभ कुत्र्यांपुढे टाकता का?' मग अर्धी बातमी देतात: लोझें यांचं रविवारी लूव्हर राजवाड्यात लग्न आहे. कोणाशी, ते ओळखा. चार संधी, दहा संधी, शंभर संधी. कुलांजच्या बायकोनं कोणकोणती नावं सुचवली असती, तीही त्या स्वतःच लिहितात आणि एकेक खोडून टाकतात. शेवटी नाव येतं ते चौथ्या आंरीची नात आणि राजा चौदाव्या लुईची चुलत बहीण असलेल्या 'माद्म्वाझेल'चं. लोझें राजाच्या मर्जीतला असला, तरी राजघराण्याच्या मानानं अगदी सामान्य सरदार होता. राजानं आधी परवानगी दिली होती, पण तीनच दिवसांत ती मागे घेतली आणि लग्न मोडलं.

आपल्यासाठी महत्त्वाचं आहे ते त्या पत्रातलं जनावर. मांजराचा तिथे पत्ताच नाही. सतराव्या शतकातला वाक्प्रचार 'जते सा लांग ओ शियँ' असा आहे: जीभ कुत्र्यांपुढे टाकणं. त्यातलं चित्र सरळ आहे. घरात जे कामाचं उरत नाही, ते कुत्र्यांपुढे टाकलं जातं. उत्तर देता येत नसेल तर जिभेचा तरी काय उपयोग? अर्थ तेव्हाही आजचाच होता: ओळखण्याचा नाद सोडला, आता तूच सांग. पुढे एकोणिसाव्या शतकात वाक्य बदललं. 'टाकणं' जाऊन 'देणं' आलं, अनेक कुत्र्यांच्या जागी एक मांजर आलं. उष्ट्यासारखं फेकण्यातला तुच्छतेचा भाव गेला आणि वाक्य सौम्य झालं. मुलांच्या खेळात ते इतकं रुळलं, त्याचं एक कारण हा सौम्यपणा असावा.

मांजरच का, याची एक गोष्ट फ्रान्समध्ये फार सांगितली जाते: मांजर गुपितं जपतं. ते ऐकतं, पाहतं, बोलत मात्र नाही. म्हणून आपली जीभ त्याच्या स्वाधीन करायची, आणि उत्तर ठाऊक असलेल्या त्या मुक्या प्राण्यानं ती वापरून उत्तर सांगायचं. गोष्ट सुरेख आहे. पण 1670 चं पत्र समोर ठेवलं की तिची मर्यादा कळते. वाक्प्रचार जन्मला तेव्हा त्यात मांजर नव्हतंच. मग मांजराच्या स्वभावातून तो उगम पावला, असं म्हणता येणार नाही. कुत्री जाऊन मांजर का आलं असेल, एवढ्यापुरतीच ती गोष्ट उपयोगी पडेल.

हीच कसोटी घशातल्या मांजराला लावून पाहता येते. आवाज बसला, खाकरावं लागलं, की फ्रेंच माणूस म्हणतो, घशात मांजर आहे. त्याचा उलगडा असा दिला जातो, की दुधाच्या गुठळीला जुना शब्द 'मातों', बोक्याला 'मातू', आणि या सारखेपणातून घशातल्या गुठळीचं मांजर झालं. उच्चाराच्या दृष्टीनं हे पटण्यासारखं आहे. तरी हा तर्कच ठरतो. जिभेच्या बाबतीत आपल्या हाती तारीख आणि सही असलेलं पत्र आहे, त्याच्या पंक्तीला हा तर्क बसू शकत नाही.

म्हणून फ्रेंच शिकणाऱ्यानं अशा वाक्प्रचाराचा उगम वाचताना दोन प्रश्न वेगळे ठेवावेत. हे शब्द याच रूपात सर्वांत जुने कुठे लिहिलेले सापडतात? आणि त्या लेखकाला त्यांचा कोणता अर्थ अभिप्रेत होता? फक्त शब्द पाहिले तर राब्लेची पिसू आजच्या संशयाची वाटेल आणि पानुर्जची बाळी कळणार नाही. फक्त अर्थ पाहिला तर सेव्हिन्येंच्या पत्रातली कुत्री नजरेतून सुटतील आणि मांजराची गोष्ट खरी वाटेल. दोन्ही उत्तरं हाती आली, की उगमाच्या प्रचलित कथांपैकी कोणती टिकते आणि कोणती नंतर जोडलेली आहे, हे वाचकाला स्वतःच ठरवता येतं.