हेड गॅस्केट

हेड गॅस्केट हा अंतर्ज्वलन इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावर बोल्टांनी आवळलेले सिलिंडर हेड यांच्यामध्ये बसवलेला पातळ, सपाट व छिद्रे असलेला भाग आहे. गॅरेजमध्ये त्यास 'हेड पॅकिंग' असेही म्हणतात. सिलिंडरातील ज्वलनवायू, इंजिन थंड ठेवणारे शीतक (पाणी व गोठणरोधक द्रव यांचे मिश्रण) आणि वंगण तेल हे तिन्ही प्रवाह ब्लॉक व हेड यांच्यामधील एकाच सांध्यापाशी एकत्र येतात. ते एकमेकांत मिसळू नयेत आणि इंजिनाबाहेर गळू नयेत, हे या गॅस्केटचे कार्य होय.

== गरज ==

ब्लॉक व हेड यांचे पृष्ठभाग यंत्राने कितीही सपाट केले तरी त्यांवर सूक्ष्म उंचसखलपणा राहतोच. शिवाय अनेक इंजिनांत ब्लॉक बिडाचा आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते. ४०० मिमी लांबीचे असे दोन भाग ७० अंश सेल्सिअसने तापले आणि त्यांना मोकळेपणी वाढू दिले, तर त्यांच्या लांबीत सुमारे ०.३ मिमी फरक पडेल. म्हणजे इंजिन प्रत्येक वेळी तापताना व निवताना हे पृष्ठभाग एकमेकांवर किंचित सरकण्याचा प्रयत्न करतात. ही हालचाल सोसूनही फटी भरून ठेवील असा लवचिक भाग मध्ये असावा लागतो.

== विलग केले जाणारे मार्ग ==

'''ज्वलनकक्ष.''' गॅस्केटमधील सर्वांत मोठी वर्तुळाकार छिद्रे सिलिंडरांची असतात. पेट्रोल इंजिनात ज्वलनाच्या क्षणी सिलिंडरातील दाब साधारणतः ५० ते ७० बारपर्यंत जातो (१ बार म्हणजे जवळजवळ एक वातावरणाचा दाब). टर्बोचार्जर असलेल्या डिझेल इंजिनात तो १५० बारच्याही पुढे जाऊ शकतो. सिलिंडराचा व्यास ८० मिमी असल्यास त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंमी होते. ६० बार दाबाला त्यावर सुमारे ३० किलोन्यूटन, म्हणजे तीन टन वजनाएवढे बल हेड वर उचलू पाहते. चतुर्घाती इंजिन मिनिटाला ३,००० फेरे करीत असेल, तर प्रत्येक सिलिंडरात हा धक्का सेकंदाला २५ वेळा बसतो. म्हणून या छिद्रांची कड सर्वांत मजबूत केलेली असते.

'''शीतकाचे मार्ग.''' सिलिंडरांभोवतीच्या पोकळीतून शीतक गॅस्केटमधील छिद्रांवाटे हेडमध्ये चढते. येथील दाब वातावरणापेक्षा साधारणतः एक बारच अधिक असतो. यांतील काही छिद्रे ब्लॉकमधील छिद्रांपेक्षा मुद्दाम लहान ठेवलेली असतात. सर्वच छिद्रे मोठी ठेवली, तर पंपाजवळच्या सिलिंडरांपाशीच बहुतेक शीतक वर निघून जाईल आणि दूरच्या सिलिंडरांना ते कमी पडेल. म्हणजे गॅस्केट शीतकास अडवण्याबरोबरच त्याची वाटणीही करते.

'''तेलाचे मार्ग.''' झडपांच्या यंत्रणेस वंगण पुरवणारे छिद्र बहुधा लहान असते व त्यातून तेल काही बार दाबाने वर जाते. वर गेलेले तेल मोठ्या छिद्रांतून केवळ गुरुत्वाकर्षणाने खाली परतते. गॅस्केट उलटे बसवल्यास काही इंजिनांत दाबयुक्त तेलाचे छिद्र झाकले जाऊन कॅमशाफ्ट कोरडा पडतो. म्हणूनच वरची बाजू दाखवणारी खूण गॅस्केटवर छापलेली असते.

हवेने थंड होणाऱ्या इंजिनांत शीतकाची छिद्रे नसतात. साध्या द्विघाती इंजिनांत तेलाचीही नसतात. तेथे गॅस्केटला केवळ ज्वलनवायू अडवायचा असतो.

== रचना ==

जुन्या गॅस्केटांत तांब्याच्या किंवा पोलादाच्या पत्र्यांमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस भरलेले असे. त्याची धूळ आरोग्यास घातक असल्याने पुढे ग्रॅफाइट व इतर तंतुमय पदार्थ वापरात आले. आधुनिक मोटारींत पोलादाच्या अनेक पातळ थरांचे गॅस्केट रूढ आहे. प्रत्येक छिद्राभोवती पत्र्याला उठावदार वळ दिलेला असतो. बोल्ट आवळल्यावर तो दबतो आणि हेड क्षणभर किंचित उचलले गेले तरी स्प्रिंगप्रमाणे उसळून फट भरतो. पत्र्यावरील रबराचा पातळ लेप पृष्ठभागावरील सूक्ष्म खाचा बुजवतो.

दोन शेजारच्या सिलिंडरांमधील अरुंद पट्टी हा गॅस्केटचा सर्वांत नाजूक भाग होय. दोन्ही बाजूंनी ज्वलनाची उष्णता मिळत असून तेथे शीतकास जागा अपुरी असते.

== बिघाड व त्याची ओळख ==

गॅस्केट निकामी होण्याचे नेहमीचे कारण म्हणजे इंजिन अतितप्त होणे. त्यामुळे हेड वाकते आणि बोल्टांचा दाब सर्वत्र सारखा राहत नाही. बिघाडाची लक्षणे मात्र कोणत्या दोन मार्गांमधील भिंत फुटली यावर अवलंबून असतात.

ज्वलनकक्ष व शीतक यांच्यामधील भिंत फुटल्यास अधिक दाबाचा वायू शीतकात शिरतो. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतात आणि इंजिन थंड स्थितीत सुरू केल्यावर अल्पावधीतच रबरी नळ्या कडक होतात. इंजिन बंद केल्यावर सिलिंडरातील दाब नाहीसा होतो, शीतकातला मात्र काही काळ टिकतो. त्यामुळे आता शीतक उलट सिलिंडरात झिरपते. पुन्हा सुरू करताना दाट पांढरा धूर येतो. पुष्कळ द्रव साचला असेल, तर तो दाबला जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

तेल व शीतक यांच्यामधील भिंत फुटल्यास चालू इंजिनात दाबयुक्त तेल शीतकात जाते आणि बंद झाल्यावर शीतक तेलात उतरते. तेल दुधाळ होते व त्याचे वंगणगुण कमी होतात. मात्र तेलाच्या झाकणाखालचा थोडासा दुधाळ थर हा पुरावा नव्हे; थंडीत वारंवार जवळचाच प्रवास केल्याने साचलेल्या बाष्पामुळेही तो दिसतो.

दोन सिलिंडरांमधील पट्टी जळाल्यास तेल किंवा शीतक कमी होत नाही. फक्त इंजिन थरथरते व शक्ती घटते. उदाहरणार्थ, चार सिलिंडरांच्या पेट्रोल इंजिनात संपीडन दाब अनुक्रमे १२, ५, ५ व १२ बार आला असे समजू. दुसऱ्या व तिसऱ्या सिलिंडरांत थोडे तेल सोडून पुन्हा मोजल्यावर दाब वाढला, तर पिस्टनच्या रिंगांवर संशय जातो. तो वाढला नाही, तर दुसऱ्या सिलिंडराच्या दोन्ही झडपा बंद असताना त्यात दाबाखालील हवा सोडतात. ती तिसऱ्याच्या स्पार्क प्लगच्या छिद्रातून फुसफुसत बाहेर आली, तर दोष त्या दोहोंमधील पट्टीत असल्याचे ठरते.

हेड किंवा ब्लॉक तडकल्यासही अशीच लक्षणे दिसतात. तेल दुधाळ होण्याचे कारण काही गाड्यांत तेल थंड करणारा कूलरही असतो. म्हणून हेड उतरवल्यावर गॅस्केटवरील जळका माग व पृष्ठभाग दोन्ही तपासतात.

== बदलताना घ्यावयाची काळजी ==

हेडच्या पृष्ठभागावर सरळ पट्टी आडवी, उभी व तिरपी ठेवून तिच्याखालील फट फीलर गेजने मोजतात. अनेक इंजिनांत ०.०५ ते ०.१ मिमीपेक्षा अधिक वाक चालत नाही. नेमकी मर्यादा निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेली असते. मर्यादेबाहेरच्या हेडवर नवे गॅस्केट बसवल्यास तेही लवकर निकामी होते. बोल्ट मधूनच सुरुवात करून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने आवळतात, जेणेकरून गॅस्केट मध्यापासून कडेपर्यंत सपाट बसते. दिलेल्या अंशांत फिरवून ताणायचे काही बोल्ट एकदाच वापरण्याजोगे असतात. एकदा दबलेले गॅस्केट पुन्हा वापरत नाहीत, कारण त्याचे वळ पूर्वीइतके उसळत नाहीत.